गेममधल्या कोकणी गावाची धून: फेरी पुन्हा सुरू होताना सांधा कळतोय

खाजणकाठ | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मामेभाऊ मिळून एक छोटा गेम करतोय. देवगडच्या बाजूला खाडीकाठी असतं तसं एक गाव आहे. खेळणारा जेटीवर जातो, माडाच्या बागेतून हिंडतो, मांगरात डोकावतो, देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजीशी बोलतो. या गावात लढाई नाही, घाई नाही. कोणी पाच मिनिटं थांबेल, कोणी अर्धा तास.

या गावाच्या लेव्हलसाठी मी धून केली आहे. शब्द नाहीत. बासरी, हार्मोनियम, मृदंग, मागे तानपुरा आणि समुद्राची गाज. सहा मात्रांचा दादरा, मिनिटाला १३२ मात्रा, ३२ आवर्तनं, म्हणजे साधारण ८७ सेकंदांची एक फेरी. सूर भूपाचे. बासरी मित्राने खरी वाजवली आहे, बाकी सगळं संगणकावरचं.

रीपरमध्ये ऐकताना ठीक वाटतं. गोडो या गेम इंजिनात टाकलं की बिनसतं. एक तर फेरी संपून पुन्हा सुरू होताना बारीकसा अडखळा येतो. दुसरं, बासरीची गुंज त्या जागी एकदम तुटते, कोणी दार लावल्यासारखी. तिसरं सांगायला कठीण आहे: अडखळा नसता तरी मला "संपलं, आता परत पहिल्यापासून" असं कळलंच असतं.

आणि एक पेच. धुनेचा मुखडा तीन मात्रांचा आहे, "सा रे ग", आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पंचम येतो. माझी फाइल समेपासून सुरू होते. त्यामुळे गावात पाऊल टाकताच पहिल्यांदा मुखड्याशिवायच पंचम ऐकू येतो, अर्धं वाक्य तोडल्यासारखा. मुखडा फाइलच्या आधी जोडला तर दुसऱ्या फेरीपासून तो दोनदा वाजतो. फाइल एमपीथ्री आहे, ४८ हजारांच्या सॅम्पल रेटची. कुठून सुरुवात करू?

---

तळकोकणी | शनिवार, रात्री १०.०५

छान उपक्रम! गावपातळीवरच्या स्पर्धेत वाद्यवृंदाला साधारण सात-आठ मिनिटंच मिळतात, तेव्हा ८७ सेकंदांची धून फार लहान पडेल. मृदंग भाड्याने घेणार असाल तर शिमग्याच्या आधी सांगून ठेवा, नंतर मिळत नाहीत. आमच्या मंडळाला मागे झांजा उसन्या आणाव्या लागल्या होत्या.

---

खाजणकाठ | शनिवार, रात्री १०.१२

तळकोकणी काका, स्पर्धा नाही हो. "लेव्हल" म्हणजे व्हिडिओ गेममधला एक टप्पा, आणि तो टप्पा म्हणजे गाव. पण मृदंगाचं लक्षात ठेवते, खरा मृदंग रेकॉर्ड करायचा विचार आहेच.

---

कोडकर | शनिवार, रात्री १०.३१

दोन चुका दिसतात. पहिली तुमची लय. १३२ ने भाग दिला तर ४८ हजारांच्या रेटला एका मात्रेची २१८१८.१८ सॅम्पल येतात. पूर्णांक नाही. लय १२० करा, एका मात्रेची बरोबर २४ हजार होतात, अडखळा जाईल. दुसरं, फाइलचं टोक शून्यरेषेवर कापा. लाट जिथे शून्याला छेदते तिथे दोन्ही टोकं ठेवली की आवाज येत नाही. झालं काम.

---

ध्वनिवेडा | शनिवार, रात्री ११.२०

कोडकर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अडखळा त्यातून आलेला नाही. ३२ आवर्तनं म्हणजे १९२ मात्रा, ४१८९०९०.९ सॅम्पल. जवळचा पूर्णांक ४१८९०९१ धरला तर चूक सॅम्पलच्या दहाव्या हिश्श्याची. एक सॅम्पल म्हणजे सेकंदाचा ४८ हजारावा भाग. तो कोणाच्याही कानाला कळणार नाही. लय बदलून धुनेचा स्वभाव बिघडवू नका. १३२ ला दादरा चालतो, १२० ला तो जरा पाय ओढत चालेल.

अडखळा एमपीथ्रीचा आहे. हे एन्कोडिंग ११५२ सॅम्पलच्या चौकटींत चालतं. सुरुवातीला एन्कोडर स्वतःची थोडी शांतता घालतो आणि शेवटची चौकट भरण्यासाठी मागेही घालतो. पुढची मागची मिळून ती सहज तीस-चाळीस मिलिसेकंदांची होते. काही प्लेअर फाइलमधली नोंद वाचून ती कापून टाकतात, पण तुमचं इंजिन तसं करेलच याचा भरवसा धरू नका. ऑग व्हॉर्बिस वापरा किंवा सरळ वेव. ऑगमध्ये लांबी सॅम्पलपर्यंत तंतोतंत राहते.

खात्री करायची असेल तर तुमची एमपीथ्री ऑडेसिटीत उघडा, तिच्याच पाठीमागे तीच फाइल पुन्हा चिकटवा आणि जोडाच्या जागी मोठं करून बघा. सपाट रेघ दिसली की ती ही शांतता. ऑगबरोबरही हेच करून बघा आणि दोन्ही कानांनी ऐका. डोळ्यांनी बघण्यापेक्षा ऐकणं महत्त्वाचं.

शून्यरेषेबद्दल. तिथे कापलं की टक्क असा आवाज टळतो, हे खरं. पण शून्यरेषा शोधताना टोक पुढेमागे सरकतं आणि लांबी बिघडते. शिवाय डावा आणि उजवा चॅनल एकाच क्षणी शून्यावर असतीलच असं नाही. आणि एका टोकाला लाट वर चढत असेल, दुसऱ्याला खाली उतरत असेल तर दोन्ही शून्यावर असूनही कोपरा तयार होतोच. गुंज तुटते तिच्यावर तर याचा काहीच उपाय नाही.

---

कोडकर | शनिवार, रात्री ११.३४

चॅनलचा मुद्दा मान्य. लयीबद्दल मी थोडा आग्रही राहीन. नंतर दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा थर एकमेकांवर वाजवायचा झाला तर पूर्णांक असलेला बरा. पण तो वेगळा विषय.

---

सुरूबन | रविवार, सकाळी ७.५०

तंत्रातलं मला कळत नाही, पण जोड कळतो म्हणजे काय ते चांगलं कळतं. गुहागरला आमचं घरगुती निवासाचं छोटं काम आहे. जेवणघरात मी एकच वाद्यसंगीत लावून ठेवायचे. चार मिनिटांचं होतं. पाहुणे जेवायला बसले की दुसऱ्या फेरीला कोणीतरी मान वर करायचंच. तिसऱ्या फेरीला एका काकूंनी विचारलं, "हे परत लागलं का?" मी लक्ष ठेवून बघितलं, प्रत्येकाची मान एकाच जागी वर यायची. शेवटी सगळी वाद्यं थांबायची आणि मग तबला, तंबोरा, सतार सगळे एकत्र सुरू व्हायचे, त्या जागी. मधल्या भागात काय वाजत होतं ते कोणालाच आठवत नव्हतं.

नंतर मी ते लावणं बंद केलं. खिडकी उघडी ठेवते, समुद्र ऐकू येतो. त्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

---

ध्वनिवेडा | रविवार, सकाळी ९.१५

सुरूबनताईंनी खाजणकाठ यांच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर देऊन टाकलं. सगळे एकदम थांबले आणि सगळे एकदम उठले की फाइल कितीही अचूक कापा, सांधा कळणार. उपाय रचनेतच करावा लागतो. खाजणकाठ, तुमचं शेवटचं आवर्तन कसं आहे? षड्जावर थांबता का?

---

खाजणकाठ | रविवार, सकाळी ९.४०

हो. "ग रे सा", आणि सा चार मात्रा लांबवला आहे. मृदंगही तिथे थांबतो. मग समेवर सगळे एकत्र. ताईंनी सांगितलं तसंच.

---

भूपाळी | रविवार, सकाळी ११.०२

मी शास्त्रीय शिकवते. एक निरीक्षण. षड्जावर चार मात्रा थांबलात म्हणजे गोष्ट संपवलीत. ऐकणाऱ्याचा कान शांत झाला की त्यानंतर जे येईल ते त्याला नवी सुरुवातच वाटणार. शेवटच्या आवर्तनात पंचमावर किंवा धैवतावर रेंगाळा. मुखडा "सा रे ग" करून पुन्हा पंचमावर येतोच, म्हणजे कान त्या पंचमाची वाटच बघत राहील. षड्जाची पूर्ण विश्रांती द्यायचीच असेल तर मध्ये कुठेतरी द्या, बाराव्या-तेराव्या आवर्तनाला. तिथे कान निवांत झाला तरी बिघडत नाही, कारण धून पुढे चालूच असते.

आणि दुसरं, विषय थोडा सोडून. गावात सकाळ आहे का? भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी हेच पाच सूर देशकाराचे होतात. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. तुमच्या गेममध्ये दिवस-रात्र असेल तर सूर न बदलता गावाची वेळ बदलता येईल.

---

कोडकर | रविवार, सकाळी ११.२०

वा! म्हणजे एकच फाइल, फक्त वरचा थर बदलायचा?

---

भूपाळी | रविवार, दुपारी १२.१०

नाही, एवढं सोपं नाही. देशकार उत्तरांगात राहतो, धैवताकडे ओढ असते. भूपाच्या चालीवर नुसता वेगळा थर चढवला तर तो भूपच राहील. बासरीची चाल नव्याने बांधावी लागेल. मृदंग आणि तानपुरा तेच चालतील.

---

मृदंगी | रविवार, दुपारी १.३०

गाववाल्यांनू, तिहाई होयीच!

मी सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनात पखवाज वाजवतो. गजर चढत जातो, मग तिहाई आणि बरोबर समेवर धा. तो धा पडला की माणसाच्या अंगावर काटा येतो. तुमच्या ३२ आवर्तनांच्या शेवटी तिहाई नाही म्हणून ते कोरडं वाटतंय. दोन आवर्तनं घ्या, म्हणजे बारा मात्रा. तीन मात्रांचा तुकडा, दोन मात्रा मोकळ्या, पुन्हा तुकडा, पुन्हा दोन मोकळ्या, पुन्हा तुकडा. शेवटचा धा तेराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर. आणि ती समच तुमच्या धुनेची सुरुवात. जोड आपोआप सुंदर होईल, कारण तो लपवायचा नाहीच, मिरवायचा.

---

ध्वनिवेडा | रविवार, दुपारी २.४५

मृदंगी, तिहाईचं गणित बिनचूक आहे. शेवटचा धा नव्या फेरीत पडतो हेही फार छान निरीक्षण. पण तिहाई म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेली सूचना आहे: आता सम येतेय, लक्ष ठेवा. भजनात समोरचे लोक त्याचसाठी बसलेले असतात. गेममध्ये माणूस आजीशी बोलत असतो. अर्ध्या तासात ८७ सेकंदांच्या वीस फेऱ्या होतात. वीस वेळा तीच तिहाई ऐकली तर तो ती मोजायला लागेल.

---

मृदंगी | रविवार, दुपारी ३.०५

वीस वेळा मी रोज ऐकतो, कंटाळा नाही येत. पण वीस वेळा तीच वाजवत नाही हे खरं. दर वेळी वेगळी सुचते.

---

सुरूबन | रविवार, दुपारी ३.२०

मला मृदंगींचं पटतं. माझ्या पाहुण्यांना जोड आवडला नाही तो ओबडधोबड होता म्हणून. सुंदर असता तर कदाचित मान वर करून हसले असते.

---

ध्वनिवेडा | रविवार, रात्री ८.१०

आता मुखड्याचा पेच. खाजणकाठ, यात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की फाइल समेवरच कापायची. का? सम संगीतात आहे. फाइलला सम-बिम काही माहीत नसते, तिला फक्त एवढंच हवं की शेवटच्या सॅम्पलनंतर पहिलं सॅम्पल स्वाभाविक यावं. मग मुखड्यापासून मुखड्यापर्यंत कापा. फाइल मुखड्याने सुरू होईल आणि पुढचा मुखडा यायच्या क्षणी संपेल. लांबी तीच, ३२ आवर्तनं. गावात शिरताच खेळणाऱ्याला पहिल्यांदा मुखडा ऐकू येईल, गायक उचलतो तसा, आणि प्रत्येक फेरीत तो एकदाच वाजेल. वेगळा प्रारंभ जोडायची गरजच नाही.

गुंजेचा उपायही यातच बसतो. रीपरमध्ये ३२ आवर्तनं एकापाठोपाठ दोनदा मांडा, एकूण ६४, आणि ती एकत्र रेंडर करा. पहिल्या फेरीच्या शेवटाची गुंज दुसऱ्या फेरीवर सांडते. आपल्याला कापायचा आहे तो तुकडा पहिल्या फेरीच्या शेवटच्या मुखड्यापासून दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या मुखड्याच्या आधीपर्यंत. त्याच्या सुरुवातीला आधीची गुंज आलेली असते. शेवटाला जी गुंज कापली जाते, तीच सुरुवातीला पुन्हा भेटते. दार लागत नाही.

आकडे असे. तीन मात्रा म्हणजे ६५४५४.५ सॅम्पल. पहिली फेरी ४१८९०९०.९ वर संपते, त्यातून तीन मात्रा वजा केल्या की ४१२३६३६. तिथे सुरुवात. त्यात ४१८९०९१ मिळवले की ८३१२७२७. तिथे शेवट. माउसने कापू नका, आदेश द्या:

```
ffmpeg -i gaav_2x.wav -af "atrim=start_sample=4123636:end_sample=8312727,asetpts=PTS-STARTPTS" gaav_loop.wav
ffmpeg -i gaav_loop.wav -c:a libvorbis -q:a 6 gaav_loop.ogg
```

मग गोडोच्या आयात पानावर `Loop` चालू करा आणि `Loop Offset` शून्य ठेवा.

एक उणीव राहते, ती आधीच सांगतो. गावात पहिल्यांदा शिरताना मुखड्याखाली आधीच्या फेरीची गुंज ऐकू येईल, जी कुठून आली ते खेळणाऱ्याला माहीत नाही. पडदा उजळताना आवाज अर्ध्या सेकंदात वर आणलात तर ती सहसा विरून जाते. कानाला खटकलीच तर पहिल्या वेळेसाठी वेगळी, गुंज नसलेली फाइल ठेवावी लागेल आणि ती संपताच दुसरी अचूक सुरू करावी लागेल. मी ते टाळतो, कारण दोन फाइलींची गाठ मारताना नवे सांधे तयार होतात.

---

खाजणकाठ | रविवार, रात्री ९.०२

समेवर कापायची गरजच नाही! हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या रात्री करून बघते. पण तानपुरा? तो ॲपवरून घेतलेला आहे, त्याची तार लयीशी बांधलेली नाही. आणि गाज?

---

ध्वनिवेडा | रविवार, रात्री ९.४०

दोन्ही या फाइलीतून काढा. तानपुरा आणि गाज यांना मात्रा नाहीत, मग त्यांना ३२ आवर्तनांत कोंबायचं कशाला? दोघांच्या वेगळ्या फाइली, वेगळे प्लेअर. गाज ६१ सेकंदांची ठेवलीत आणि धून ८७ सेकंदांची, तर दोघींचे सांधे एका जागी यायला फार वेळ जातो. धून परतली तरी समुद्र पुढे चाललेला असतो, त्यामुळे कानाला परतल्याची खूण मिळत नाही. तुमची तिसरी तक्रार यानेही बरीच कमी होईल.

गाजेचा जोड मात्र क्रॉसफेडनेच करा, तीन-चार सेकंदांचा. शेवटाचा तुकडा उतरत असताना सुरुवातीचा चढत यायला हवा. पण साधा सरळ रेषेचा फेड घेतला तर बरोबर मध्यभागी आवाज सुमारे ३ डेसिबल खचतो, कारण दोन वेगवेगळ्या लाटांचा खळखळाट एकमेकांत बेरीज होत नाही. समुद्र श्वास घेतल्यासारखा वाटतो. म्हणून ऑडेसिटीत समान शक्तीचा पर्याय निवडा.

---

सुरूबन | सोमवार, सकाळी ८.३०

गाज स्वतः रेकॉर्ड करणार असाल तर उघड्या वाळूवर उभ्या राहू नका, वाऱ्याने माइक फडफडतो. सुरूच्या झाडांच्या मागे उभं राहून केलेलं चांगलं येतं. आणि लाट फुटायच्या क्षणी कापू नका. ओसरून वाळूवर सरसरत मागे जाते तेव्हा कापा.

---

तळकोकणी | सोमवार, सकाळी ९.१०

आता समजलं. माझ्या नातवाला विचारलं, त्याने दाखवलं गेम काय असतो ते. मग त्या गावात शिमगा आहे का? पालखी नाचवायची सोय करा. आणि ढोल-ताशा त्या दिवशीच वाजवा, एरवी नको. वर्षभर ढोल वाजत असेल तर शिमगा आला हे कळणार कसं?

---

खाजणकाठ | सोमवार, सकाळी ९.३५

काका, हे आमच्याही डोक्यात नव्हतं. ढोल शिमग्यापुरताच ठेवणार. लिहून घेतलं.

---

खाजणकाठ | मंगळवार, रात्री ११.५५

केलं. सांगते काय झालं ते.

एमपीथ्री ऑडेसिटीत स्वतःच्याच मागे जोडली. जोडाच्या जागी सपाट रेघ दिसली. ऑगमध्ये ती नाही, अडखळा गेला. दोनदा मांडून रेंडर केलं, ध्वनिवेडा यांच्या आकड्यांवर कापलं, गुंज आता तुटत नाही. शेवटचं आवर्तन बदललं, पंचमावर सोडलं आणि मृदंग थांबवला नाही. हार्मोनियमचा एक धैवत जोडावरून पलीकडे धरून ठेवला. आता सगळे एकदम उठून बसत नाहीत. पहिल्यांदा शिरताना तो धैवत मधूनच ऐकू येतो, पण अर्ध्या सेकंदाच्या चढत्या आवाजात खटकत नाही. तानपुरा आणि गाज वेगळे केले.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे मुखड्याच्या आधी माझा मित्र श्वास घेतो तो रेकॉर्डिंगमध्ये आहे. बरोबर मुखड्यावर कापल्यामुळे तो श्वास आता फाइलच्या शेवटी आहे. फेऱ्यांमध्ये ठीक, पण गावात पहिल्यांदा शिरताना श्वासाशिवाय एकदम सूर येतो, यांत्रिक वाटतं. दुसरं, जोडावर अगदी बारीक टिक अजून येते. दर वेळी सारखीच, हेडफोनवरच कळते.

---

ध्वनिवेडा | बुधवार, सकाळी ७.१५

श्वास आहे हे ऐकून बरं वाटलं, तो पुसून टाकू नका. कापायची दोन्ही टोकं अर्धी मात्रा मागे घ्या, १०९०९ सॅम्पल. सुरुवात ४११२७२७, शेवट ८३०१८१८. दोन्ही सारखी सरकवल्यामुळे लांबी तीच राहते. आता फाइल श्वासाने सुरू होईल.

टिक येते म्हणजे दोन फेऱ्या हुबेहूब सारख्या रेंडर झालेल्या नाहीत. हार्मोनियमवर कोरसचा इफेक्ट आहे का? कोरसचं डोलणं ८७ सेकंदांत नेमक्या पूर्ण फेऱ्या मारत नाही, म्हणून शेवटी तो वेगळ्या जागी असतो. मृदंगाच्या वाद्यसंचात दर ठोक्याला वेगळा नमुना निवडला जात असेल तरीही असंच होतं. तो धरून ठेवलेला धैवतच मला संशयित वाटतो. कोरस बंद करून एकदा रेंडर करा. टिक गेली तर कारण सापडलं.

कोरस हवाच असेल तर शेवटच्या १० मिलिसेकंदांवर क्रॉसफेड द्या. चढत येणारा तुकडा कुठला घ्यायचा, तर तुमच्या मोठ्या फाइलीत सुरुवातीच्या कापाच्या लगेच आधीचे १० मिलिसेकंद. तो तुकडा सुरुवातीला जाऊन मिळतोच, कारण मूळ रेंडरमध्ये ते सलग आहेत.

---

कोडकर | बुधवार, दुपारी १.००

हे मला आवडलं. शून्यरेषा शोधण्यापेक्षा किती तरी बरं. माझ्या एका गेममध्ये मी वर्षभर शून्यरेषेवर कापत होतो आणि लय दर फेरीला किंचित का सरकते ते कळत नव्हतं. आता कळलं.

---

खाजणकाठ | गुरुवार, रात्री १०.२०

कोरसच होता. बंद केला तर टिक गेली, पण हार्मोनियम पातळ वाटायला लागली. म्हणून कोरस परत आणला आणि १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला. हेडफोनवर दहा फेऱ्या ऐकल्या, सापडत नाही. श्वासाने सुरुवात होते ते तर फारच गोड वाटतंय. मामेभावाला काही न सांगता वीस मिनिटं खेळायला बसवलं आणि मग विचारलं, धून कितव्यांदा वाजली? तो म्हणाला, "दोन-तीनदा असेल." तेरा वेळा वाजली होती.

तिहाईबद्दल अजून ठरत नाही. मृदंगींनी सांगितलेली बारा मात्रांची करून बघितली. शेवटाला ठेवली की तिसऱ्या फेरीला भावाने ओळखली. सोळाव्या आवर्तनाला ठेवली तर ओळखली नाही, पण तिथे तिचं वजन पडत नाही. भूपाळीताईंना पटेल अशी सकाळची चाल बांधायची तीही राहिली आहे.

---

मृदंगी | गुरुवार, रात्री १०.५०

मग एक करा. धुनेत तिहाई नको. खेळणारा गाव सोडून निघाला, वेशीवर आला, की तिथून पुढच्या समेला तिहाई वाजू दे आणि धा वर गाव संपू दे. बारी संपते तशी. माणूस गावातून एकदाच निघतो, तेव्हा वीस वेळा ऐकायचा प्रश्नच नाही.

---

ध्वनिवेडा | गुरुवार, रात्री ११.१०

याला माझी हरकत नाही. इंजिनला पुढची सम कधी येते ते कळायला हवं, एवढंच. फाइल आता श्वासाने सुरू होते, म्हणून पहिली सम साडेतीन मात्रांवर, म्हणजे १.५९ सेकंदांवर. तिथून पुढे दर २.७२७ सेकंदांनी सम. खेळणारा वेशीवर पोचल्यावर जास्तीत जास्त एवढंच थांबावं लागेल.

---

खाजणकाठ | गुरुवार, रात्री ११.२५

वेशीवर पिंपळ आहे, तिथे पोचल्यावर थोडं रेंगाळायला जागा आहेच. मृदंगी, तुम्ही ती तिहाई खऱ्या पखवाजावर १३२ च्या लयीत रेकॉर्ड करून द्याल का?

---

मृदंगी | गुरुवार, रात्री ११.३२

देतंय. रविवारी आमची बारी आसा, त्याच्या आधी देवळातच करतंय. शेवटच्या धा नंतर पाच सेकंद कोणाक बोलूक देणार नाय.

---

ध्वनिवेडा | गुरुवार, रात्री ११.४०

पाच नको, दहा सेकंद ठेवा. देवळाची गुंज पूर्ण विरू द्या, कापायचं काम इथे करू.